डोकेदुखीची गोळी आणि तिची वेळ

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन यांसारखी साधी वेदनाशामक गोळी डोकेदुखीच्या पहिल्या तासाभरात, वेदना अजून सौम्य असतानाच घेतली, तर डोके पूर्णपणे उतरण्याची शक्यता बरीच जास्त असते. तीच गोळी, तेवढ्याच मात्रेत, तीन-चार तासांनी घेतली तर ती अनेकदा वाया जाते. हा फरक मायग्रेनमध्ये, म्हणजे अर्धशिशीत, सर्वांत ठळक दिसतो. ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीत तो कमी असतो, पण असतो.

घरोघरची रीत मात्र नेमकी उलट आहे. डोके दुखू लागले की आधी चहा होतो, मग कपाळाला बाम चोळला जातो, डोक्याला ओढणी घट्ट बांधली जाते, अंधाऱ्या खोलीत पडून पाहिले जाते. गोळी येते ती अगदी शेवटी, ‘आता सहनच होत नाही’ अशी वेळ आल्यावर. गोळी उष्ण पडेल, तिची सवय लागेल, पोटाला त्रास होईल, ही त्यामागची भीती. ती अगदीच निराधार नाही आणि तिचा विचार पुढे केला आहे. पण गोळी घ्यायचीच असेल, तर ती उशिरा घेतल्याने यांपैकी कोणताही धोका टळत नाही. उलट पहिली गोळी लागू पडत नाही, म्हणून दुसरी आणि तिसरी घेतली जाते.

या दोन डोकेदुख्या ओळखायला फार अवघड नाहीत. ताणाची डोकेदुखी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे किंवा माथ्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटते. ती ठणकत नाही, जिने चढल्याने वाढत नाही आणि तिच्यात उलटी होत नाही. माणूस त्रासलेला असतो, तरी काम करू शकतो. मायग्रेन बहुधा एका बाजूला, डोळ्यामागे किंवा कानशिलात सुरू होते. नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका लागतो, हालचालीने तो वाढतो, मळमळ येते, उजेड आणि आवाज नकोसे होतात. उपचार न केल्यास मोठ्या माणसात हा झटका ४ ते ७२ तास चालतो. घरातली रोजची कामेही त्या दिवशी होत नाहीत.

मायग्रेनची वेदना मेंदूच्या गाभ्यातून येत नाही. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही. मात्र मेंदूवरच्या आवरणांत आणि तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल या मोठ्या मज्जातंतूची बारीक टोके पसरलेली असतात. झटका सुरू झाला की ही टोके सीजीआरपी नावाचे एक प्रथिन आणि इतर काही रसायने बाहेर सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, आसपास सूज आल्यासारखी स्थिती होते आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ लागतात. प्रोस्टाग्लँडिन मज्जातंतूंची टोके अधिकाधिक हळवी करत जाते. मग रक्तवाहिनीचे नेहमीचे स्पंदन, जे एरवी कधीच जाणवत नाही, ते प्रत्येक ठोक्याला घाव बसल्यासारखे वाटू लागते. खाली वाकले, खोकले किंवा जिना चढले की डोक्यात कळ येते ती याच हळवेपणामुळे.

साध्या वेदनाशामकांचे काम इथे चालते. इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या विकराला अडवते. या संशोधनासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आयब्युप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन याच वाटेने काम करतात. पॅरासिटामॉलची वाट थोडी वेगळी आहे, त्याचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत होतो. या औषधांची मर्यादाही व्हेन यांच्या शोधातूनच समजते. ती नवे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, पण आधी तयार झालेल्या प्रोस्टाग्लँडिनने जी हळवी अवस्था आणली, ती पुसून टाकत नाहीत. नळ बंद केला म्हणून लादीवर साचलेले पाणी आपोआप सुकत नाही, तसेच हे आहे. पाणी साचण्याआधी नळ बंद करणे केव्हाही सोपे.

वेदना इथेच थांबली असती, तर उशिरा घेतलेली गोळीही थोड्या विलंबाने का होईना, पुरी पडली असती. पण मायग्रेन पुढे सरकते. ट्रायजेमिनल मज्जातंतूकडून येणारे संदेश मेंदूच्या तळाशी, मानेजवळच्या एका केंद्रात पोहोचतात आणि तिथल्या दुसऱ्या फळीतील पेशी ते मेंदूकडे पाठवतात. संदेशांचा मारा तास-दोन तास चालू राहिला की या दुसऱ्या फळीतील पेशी स्वतःच उत्तेजित अवस्थेत जातात. आता त्यांना खालून येणाऱ्या वेदनेची गरज उरत नाही. याच पेशींना कपाळाच्या, डोळ्याभोवतीच्या आणि डोक्याच्या त्वचेकडूनही संदेश येत असतात, आणि साधा स्पर्शही त्या वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. केस विंचरताना टाळू दुखते. वेणीचे रबर काढून टाकावेसे वाटते. चष्मा नाकावर नकोसा होतो, उशीवर त्या बाजूने डोके टेकवत नाही, दाढी करताना गाल हुळहुळतो. वैद्यकात या अवस्थेला अ‍ॅलोडायनिया म्हणतात. झटका आणखी लांबला तर थॅलॅमस या मेंदूतील तिसऱ्या टप्प्यावरच्या पेशीही तशाच होतात. मग हातावरचा साधा स्पर्शही खुपतो आणि घड्याळ काढून ठेवावे लागते.

बोस्टनमधील संशोधक रामी बरस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मायग्रेनच्या ४२ रुग्णांची झटक्यादरम्यान तपासणी केली. त्वचेला उष्णता, गारवा आणि दाब किती सहन होतो हे मोजले, तेव्हा त्यांपैकी ७९ टक्के रुग्णांमध्ये हा हळवेपणा आढळला. २००४ मध्ये याच गटाने उपचाराच्या वेळेचा प्रश्न थेट हाताळला. ३१ रुग्णांच्या एकूण ६१ झटक्यांवर, ठरावीक वेळी, ट्रिप्टान गटातील औषध देण्यात आले. त्वचेचा हळवेपणा आलेला नव्हता असे २७ झटके होते, त्यांपैकी २५ मध्ये दोन तासांत वेदना पूर्ण थांबली. हळवेपणा आला होता अशा ३४ झटक्यांपैकी अवघ्या ५ मध्ये वेदना पूर्ण थांबली. औषध तेच आणि आजारही तोच होता. बदलली होती ती मज्जासंस्थेची अवस्था. ट्रिप्टान हे साधे वेदनाशामक नव्हे, ते खास मायग्रेनसाठी तयार झालेले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. पण त्याच्याइतके नेमके औषधही उशीर झाल्यावर फारसे चालत नसेल, तर पॅरासिटामॉलकडून तेव्हा चमत्काराची अपेक्षा धरता येत नाही.

याला एक अपवाद नोंदवायला हवा. याच संशोधकांनी पुढे पाहिले की केटोरोलॅक हे वेदनाशामक शिरेतून दिल्यास हळवेपणा आल्यानंतरही अनेकांची वेदना थांबते. म्हणजे या गटातील औषधे दुसऱ्या फळीतील पेशींपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचली, तर उशिराही काम करू शकतात. रुग्णालयात झटक्यासाठी इंजेक्शन दिले की आराम पडतो, तो यामुळेच. पण घरी तोंडाने घेतलेली गोळी तितक्या प्रमाणात आणि तितक्या लवकर रक्तात पोहोचत नाही. याचे कारण पोटात आहे.

तोंडाने घेतलेली गोळी जठरात विरघळते, पण पॅरासिटामॉलसारखे औषध जठरातून रक्तात जवळपास जातच नाही. ते लहान आतड्यातून शोषले जाते. जठराने आपला ऐवज आतड्यात किती वेगाने ढकलला, यावर औषध रक्तात कधी पोहोचेल हे ठरते. एरवी रिकाम्या पोटी पॅरासिटामॉलचे रक्तातील प्रमाण अर्ध्या ते एका तासात शिखरावर पोहोचते. मायग्रेनचा झटका चढला की जठराची हालचाल मंदावते. लंडनमधील डॉ. ग्लिन व्होलान्स यांनी १९७० च्या दशकात झटका चालू असलेल्या रुग्णांना पाण्यात विरघळणारे अ‍ॅस्पिरिन देऊन ठरावीक वेळाने त्यांचे रक्त तपासले. झटक्यात औषध रक्तात उतरायला उशीर होत होता. जठर पुढे ढकलते करणारे मेटोक्लोप्रॅमाइड आधी दिले, की हा उशीर कमी होत होता. १९८० च्या दशकात फिनलंडमधील संशोधकांना पॅरासिटामॉलबाबतही हेच आढळले.

आपल्याकडे या अवस्थेला पित्ताची डोकेदुखी म्हणण्याची पद्धत आहे. मळमळ येते, तोंडात आंबट-कडू पाणी येते, शेवटी उलटी होते आणि काहींचे डोके त्यानंतर उतरते. त्यामुळे पित्त वर आले म्हणून डोके दुखले, असा समज होतो. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. मळमळ, मंदावलेले जठर आणि उलटी ही मायग्रेनचीच लक्षणे आहेत. म्हणून पित्तशामक गोळीने पोटातली जळजळ कमी होईल, झटका थांबणार नाही. ‘उलटी होऊन जाऊ दे, मग गोळी घेऊ’ असे म्हणत थांबणे तर सर्वांत महागात पडते, कारण तोवर पोटाचा आणि मज्जातंतूंचा, दोन्ही मार्ग अवघड झालेले असतात.

हा सगळा प्रवास एका दिवसात कसा घडतो, ते एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, सोलापुरातील एका शाळेत शिकवणारी ३४ वर्षांची शिक्षिका आहे. वजन ५८ किलो, दुसरा कोणताही आजार नाही, महिन्यातून दोनदा मायग्रेन होते आणि तिचे निदान डॉक्टरांनी केलेले आहे. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी आहे, सकाळपासून फक्त चहा झाला आहे. दहाच्या सुमारास तिला विनाकारण जांभया येऊ लागतात आणि मान आखडते. साडेअकराला उजव्या डोळ्यामागे बारीक दुखू लागते. ती शिकवू शकते, फळ्यावर लिहू शकते. साडेबाराला वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना प्रत्येक पायरीला कानशिलात ठणका बसतो. दीड वाजता मुलांचा गलका सोसवत नाही आणि डबा उघडलेल्या सहकाऱ्यांच्या भाजीचा वास नकोसा होतो. अडीचला ती केसांचा चाप काढून ठेवते, कारण टाळू दुखते आहे. घरी पोहोचून चार वाजता ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेते. पावणेपाचला उलटी होते. सहाला दुसरी गोळी, रात्री नऊला तिसरी. झोप लागते ती मध्यरात्रीनंतर, आणि दुसरा दिवस जड डोक्याने जातो.

चार वाजताची गोळी का चालली नाही, याची तीनही कारणे या घटनाक्रमात दिसतात. अडीच वाजताच टाळू हुळहुळू लागली होती, म्हणजे दुसऱ्या फळीतील पेशी उत्तेजित झालेल्या होत्या. दीड वाजल्यापासून मळमळ होती, म्हणजे जठर मंदावले होते आणि गोळीतले बरेच औषध उलटीपर्यंत तिथेच राहिले असण्याची शक्यता आहे. आणि मात्राही अपुरी होती.

तिने पावणेबाराला, डोळ्यामागे बारीक दुखत असतानाच, थोडे काही खाऊन आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या पेलाभर पाण्यासोबत घेतल्या असत्या, तर औषध साडेबारा-एकच्या दरम्यान, ठणका पक्का होण्याआधी रक्तात पोहोचले असते. तेवढ्याने झटका थांबलाच असता अशी हमी देता येत नाही. पण दोन तासांत मोकळे होण्याची तिची शक्यता खूपच वाढली असती, आणि दिवसभरातल्या गोळ्यांची संख्या तीनवरून एका वेळेच्या मात्रेवर आली असती.

गोळी लवकर घेण्याच्या फायद्याबद्दल एक रास्त शंका घेतली जाते. काही सौम्य डोकेदुख्या आपोआपच थांबतात, मग त्यांचे श्रेय गोळीला कसे द्यायचे? ही शंका दूर करायची तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची विभागणी करून तपासावे लागते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत तसे केले गेले. काहींना वेदना सौम्य असताना तासाभरात, तर काहींना वेदना मध्यम किंवा तीव्र झाल्यावर अल्मोट्रिप्टान हे औषध घ्यायला सांगितले. दोन तासांत वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण लवकर घेणाऱ्यांत ५३ टक्के, तर थांबणाऱ्यांत ३८ टक्के होते. बोस्टनच्या आकड्यांइतका हा फरक टोकाचा नाही, आणि तोच अधिक वास्तव मानायला हवा.

साध्या गोळ्यांबद्दलच्या नेहमीच्या आकडेवारीकडेही या दृष्टीने पाहावे लागते. कोक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यांत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनने सुमारे २६ टक्के रुग्ण दोन तासांत वेदनामुक्त झाले, औषध नसलेल्या गोळीने १२ टक्के. १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी हे आकडे १९ आणि १० टक्के आहेत. वाचून निराशा होते. पण या चाचण्यांत रुग्णांना बहुतेक वेळा वेदना मध्यम किंवा तीव्र होईपर्यंत थांबायला सांगितलेले होते. म्हणजे हे आकडे या औषधांच्या प्रतिकूल वेळेचे आहेत.

लवकर म्हणजे नेमके केव्हा, हा व्यवहारातला खरा प्रश्न. घड्याळापेक्षा लक्षणांवरून ते ठरवणे सोपे. डोके दुखू लागले आहे, ही आपली नेहमीची मायग्रेनच आहे हे ओळखता येते, पण पायऱ्या चढल्याने ठणका वाढत नाही, मळमळ नाही आणि केसांना हात लावल्यास दुखत नाही, ती योग्य वेळ. बहुतेकांमध्ये ती सुरुवातीच्या तासाभरात असते. मात्र जांभया, आखडलेली मान, चिडचिड किंवा गोड खाण्याची इच्छा ही पूर्वलक्षणे दिसताच गोळी घेऊ नये. त्यांच्यामागून दरवेळी डोके दुखतेच असे नाही, आणि गोळ्यांचे दिवस उगाच वाढतात. त्या वेळी पाणी प्यावे, काही खाऊन घ्यावे, गोळी हाताशी ठेवावी. काहींना डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. त्या साधारण ५ ते ६० मिनिटे राहतात आणि मागून वेदना येते. अशांनी गोळी केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांशी बोलून एकदा ठरवून ठेवावे. ज्यांचे डोके पहाटे झोपेतून उठतानाच ठणकत असते, त्यांना ही लवकरची वेळ मिळतच नाही. त्यांनी साध्या गोळीवर विसंबून राहण्यापेक्षा वेगळ्या औषधाबद्दल विचारावे.

वेळ साधली तरी मात्रा अपुरी असेल तर उपयोग होत नाही. अर्धी गोळी घेऊन पाहणे, मग तासाने उरलेली अर्धी घेणे, ही काटकसर झटक्याच्याच पथ्यावर पडते. निरोगी प्रौढांसाठी चाचण्यांमध्ये परिणामकारक ठरलेली एका वेळची मात्रा पॅरासिटामॉलची १००० मिलिग्रॅम, आयब्युप्रोफेनची ४०० आणि अ‍ॅस्पिरिनची ९०० ते १००० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी या मात्रेपेक्षा कमी आहे, पण तिच्या दोन एकदम घेऊ नयेत. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि दिवसाची एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या वर कधीच जाता कामा नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान होत असेल, तर मर्यादा याहून बरीच खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्यावी. आयब्युप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये. ते अगदी उपाशीपोटी घेण्याऐवजी दोन घास खाऊन घेतलेले बरे. भरपेट जेवल्यावर मात्र औषध शोषले जायला वेळ लागतो.

मळमळ लवकर येणाऱ्यांना पाण्यात विरघळणारी गोळी अधिक उपयोगी पडते, कारण जठरात विरघळण्याचा वेळ वाचतो. डॉक्टर अशा रुग्णांना वेदनाशामकाबरोबर डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रॅमाइड देतात. ते मळमळ थांबवते आणि जठरही पुढे ढकलते. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांना डॉम्पेरिडोन चालत नाही, म्हणून ते आपल्या मनाने सुरू करू नये. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी तशीच बाहेर पडलेली दिसली, तर पुन्हा घेता येते. उशिरा उलटी झाली असेल, तर किती औषध पोटात गेले हे कळत नाही, म्हणून पुढच्या मात्रेची ठरलेली वेळ पाळावी.

ताणाच्या डोकेदुखीत जठर मंदावत नाही आणि मज्जासंस्थेची ती साखळीही तितक्या वेगाने पुढे सरकत नाही. तिथे वेदनेचा उगम डोक्याच्या आणि मानेच्या आवळलेल्या, दाबल्यावर दुखणाऱ्या स्नायूंत असतो. म्हणून तासभर उशीर झाल्याने संधी निसटत नाही. मानेला विश्रांती, थोडे चालणे, जेवण किंवा झोप यांनी ती अनेकदा उतरते. उतरत नसेल आणि काम अडत असेल, तर संध्याकाळपर्यंत सोसण्यात मात्र अर्थ नाही. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची पुरी मात्रा एकदाच घेऊन मोकळे व्हावे. मायग्रेनच्या रुग्णांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांचे काही झटके सुरुवातीला ताणाच्या डोकेदुखीसारखेच, मंद आणि दोन्ही बाजूंना असतात. अशा वेळी ‘ही साधीच आहे’ म्हणून थांबले की योग्य वेळ हातची जाते.

कोणती गोळी कुणाला चालते, हे आधीच ठरलेले असावे. जठराचा किंवा आतड्याचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधे किंवा वेदनाशामकाने उठणारा दमा असेल, तर आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळावे लागतात. गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉलच घ्यावे. सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, डेंगीची साथ असताना, तापाबरोबर डोके आणि डोळ्यांमागे दुखत असेल तर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. डेंगीत रक्तस्रावाचा धोका असतो आणि आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन तो वाढवतात.

काही डोकेदुख्यांत गोळी घेऊन वाट पाहणेच चुकीचे आहे. मिनिटभरात शिखरावर पोहोचलेली, आयुष्यात कधी न झालेली तीव्र वेदना, तापासह ताठ झालेली मान, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही आधी तपासून घ्यावी.

आता सवय लागण्याच्या भीतीविषयी. साध्या गोळीचे व्यसन लागत नाही, पण तिचा अतिवापर स्वतःच डोकेदुखी निर्माण करतो. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणे आणि तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेणे, ही या आजाराची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. ट्रिप्टान, अर्गोटामाइन आणि कॅफिनसारखे घटक मिसळलेल्या संयुक्त वेदनाशामकांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. सकाळी उठल्याबरोबर डोके जड असणे, गोळीने चार तास बरे वाटून पुन्हा दुखणे आणि पूर्वीची मात्रा पुरेनाशी होणे, ही त्याची चिन्हे. ‘लवकर घ्या’ हा सल्ला ‘प्रत्येक वेळी घ्या’ असा वाचला की माणूस थेट या वाटेला लागतो. म्हणून लवकर घेण्याच्या नियमाला दुसरा नियम जोडूनच पाळायचा असतो: गोळीचे दिवस आठवड्यातून दोनपेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत.

हे दिवस मोजायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. डोके दुखले त्या तारखेला एक खूण, गोळी घेतली तर शेजारी तिचे नाव, दुखणे सुरू झाल्याची आणि गोळी घेतल्याची वेळ, दोन तासांनी काय झाले ते. दोन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांना कुठल्याही स्कॅनइतकीच, बहुधा जास्तच, उपयोगी पडते. वेळेवर आणि पुऱ्या मात्रेत घेतलेली गोळी तीनपैकी दोन झटक्यांत चालत नसेल, तर औषध बदलण्याची गरज आहे असे समजावे. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस मायग्रेनमध्ये जात असतील, तर झटकेच कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांसारखी औषधे रोज घेण्याचा विचार डॉक्टर करतात. त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन महिने लागतात.